जाहिरात का, दरकपात का नाही? अल्पाधिकारावरचं दहा गुणांचं उत्तर कसं बांधायचं

"अल्पाधिकारातील उद्योगसंस्था किंमत स्पर्धेऐवजी जाहिरात, ब्रँड यांसारख्या किंमतेतर स्पर्धेला प्राधान्य का देतात, ते स्पष्ट करा." बी.ए. आणि बी.कॉम.च्या मुलांची उत्तरं तपासताना या प्रश्नावर मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पहिल्या पानावर कोनयुक्त मागणी वक्राची नीटनेटकी आकृती असते. दुसऱ्या पानावर जाहिरातीचे फायदे असतात. आकृतीमुळे जाहिरातीकडे का वळावं लागतं, हे सांगणारं वाक्य मात्र कुठेच नसतं. गुण जातात ते त्या मधल्या वाक्यापाशी. म्हणून हा लेख मुख्यतः त्या वाक्याबद्दल आहे.

आधी प्रश्न नीट वाचा

प्रश्न "का" विचारतो, "कोणकोणत्या प्रकारे" विचारत नाही. तरीही निम्मी मुलं आकर्षक वेष्टन, विक्रीपश्चात सेवा, हमी, बक्षीस योजना अशी यादी लिहितात आणि प्रत्येकाला दोन ओळी देतात. अशा उत्तराला मी तीनच्या वर जात नाही, कारण ती यादी मक्तेदारीयुक्त स्पर्धेच्या उत्तरातही जशीच्या तशी चालेल. तुमचं उत्तर दुसऱ्या बाजाराच्या प्रकाराला चिकटवता येत असेल, तर तुम्ही अजून अल्पाधिकाराबद्दल काही लिहिलेलंच नाही.

दुसरा शब्द "प्राधान्य". या कंपन्यांना दर कमी करताच येत नाहीत, असा त्याचा अर्थ नाही. करता येतात, कधीकधी करतातही. पण हातात दोन्ही हत्यारं असताना त्या सहसा दुसरं उचलतात. हे शेवटच्या परिच्छेदात उपयोगी पडेल.

मग सगळं उत्तर एका वाक्यात मांडा

उत्तरपत्रिकेच्या मागच्या पानावर कच्चं लिहायचं ते हे: दरकपातीची नक्कल स्पर्धक उद्या सकाळी करू शकतो, ब्रँडची नक्कल त्याला उद्या करता येत नाही. अल्पाधिकारात विक्रेते मोजके असतात, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या हालचालीवर डोळा ठेवून असतो. यालाच परस्परावलंबन म्हणतात, आणि पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

आकडे स्वतः मांडून बघा

आकृती पाठ करण्याआधी हा हिशेब एकदा हाताने करा. समजा चार मोठ्या कंपन्या कपडे धुण्याची पावडर विकतात. आपली कंपनी एक पाकीट १०० रुपयांना विकते, आठवड्याला १,००० पाकिटं जातात आणि एका पाकिटामागे खर्च ६० रुपये आहे. म्हणजे आठवड्याचा नफा ४०,००० रुपये.

आता दर ११० करा. बाकीच्या तिघी दर वाढवत नाहीत, कारण आपली गिऱ्हाइकं त्यांच्याकडे आयती चालून येतात. आपली विक्री ७०० वर येते. पाकिटामागे ५० रुपये सुटले तरी नफा ३५,००० होतो.

उलट दर ९० करून बघा. या वेळी तिघीही गप्प बसत नाहीत, त्याही ९० वर येतात. आपल्याकडे वळायचं गिऱ्हाईक जागेवरच राहतं. सगळ्यांचीच पावडर स्वस्त झाल्याने खप थोडा वाढतो, आपली विक्री १,०५० होते. पाकिटामागे ३० रुपयांप्रमाणे नफा ३१,५००.

वर गेलं तरी तोटा, खाली आलं तरी तोटा. वाढीच्या बाजूला १० टक्के दरवाढीने ३० टक्के मागणी गेली, म्हणजे लवचिकता ३. कपातीच्या बाजूला १० टक्के कपातीने जेमतेम ५ टक्के मागणी वाढली, म्हणजे लवचिकता ०.५. एकाच बिंदूच्या वर मागणी लवचीक आणि खाली अलवचीक असते, म्हणून वक्राला तिथे कोन पडतो. ही मांडणी अमेरिकेत पॉल स्वीझी यांनी आणि इंग्लंडमध्ये हॉल व हिच यांनी १९३९ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे केली.

आकृती: तीन रेघा, पण अचूक

आडव्या अक्षावर नग, उभ्या अक्षावर किंमत. मागणी वक्राचा वरचा भाग पसरट, खालचा भाग उभट काढा. जिथे दोन्ही मिळतात त्या बिंदूला क म्हणा आणि तिथून दोन्ही अक्षांवर तुटक रेघा सोडा. सीमांत प्राप्तीची रेघ वरच्या भागासाठी वेगळी, खालच्या भागासाठी वेगळी येते आणि बरोबर क च्या खाली तिच्यात उभी फट पडते. सर्वांत जास्त चूक इथेच होते. मुलं सीमांत प्राप्ती एका सलग रेघेत ओढून मोकळी होतात. फट नसेल तर ती आकृती काहीच सिद्ध करत नाही.

आपल्या उदाहरणात ही फट किती मोठी आहे, ते किंमत गुणिले (१ वजा लवचिकतेचा व्यस्तांक) या सूत्राने काढता येतं. लवचिकता ३ धरली की वरचं टोक सुमारे ६७ रुपये येतं आणि ०.५ धरली की खालचं टोक उणे १०० रुपये. आपला सीमांत खर्च ६० रुपये, तो या फटीत बसतो. कच्चा माल महागून खर्च ६५ झाला तरी तो फटीतच राहतो आणि १०० रुपये हाच दर सर्वांत फायद्याचा ठरतो. किंमत ताठरता ती हीच. परीक्षेत हे आकडे लिहायची गरज नाही, पण एकदा करून पाहिलेला मुलगा आकृती चुकत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता तो पूल

इथपर्यंत आपण एवढंच दाखवलं की किंमत हलवून फायदा नाही. यावरून जाहिरात फायद्याची आहे असं आपोआप सिद्ध होत नाही. कंपनी हातावर हात ठेवून बसू शकली असती. ती जाहिरातीकडे वळते त्याची कारणं वेगळी सांगावी लागतात, आणि ती सांगताना त्याच वक्राकडे परत यावं लागतं.

पहिलं कारण वेळेचं. दर बदलायला एक परिपत्रक पुरतं, वितरकाकडे सकाळी पोहोचलं की दुपारी दुकानात नवा दर. चांगली जाहिरात मोहीम उभी करायला महिने लागतात, आणि स्पर्धकाने तशीच जाहिरात काढली तरी लोकांच्या डोक्यात आधीचीच बसलेली असते. पुढे गेलेल्याला निदान काही काळ तरी ती आघाडी टिकवता येते.

दुसरं कारण वक्राचं, आणि गुण देणारं हेच. दरकपात केली की आपण आहे त्याच मागणी वक्रावरून खाली घसरतो. जाहिरात यशस्वी झाली तर वक्रच उजवीकडे सरकतो. समजा आठवड्याला ४,००० रुपयांच्या जाहिरातीने त्याच १०० रुपये दराने १५० पाकिटं जास्त खपली. वाढीव नफा ६,००० रुपये, जाहिरातीचा खर्च वजा जाता २,००० हातात. दर तसाच राहिल्याने स्पर्धकाला दर पाडायचं निमित्तही मिळत नाही.

त्याहून पुढची गोष्ट अशी, की ब्रँड पक्का झाला की वरचा पसरट भागही उभट होतो. "आमच्या घरी हीच पावडर लागते" म्हणणारं गिऱ्हाईक दहा रुपयांसाठी दुकान बदलत नाही. पूर्वी दर ११० केल्यावर विक्री ७०० वर आली होती, आता समजा ८५० वरच थांबली. पाकिटामागे ५० रुपयांप्रमाणे ४२,५०० रुपये होतात, म्हणजे मूळच्या ४०,००० पेक्षा जास्त. जाहिरातीने कोन बोथट केला. जी दरवाढ आधी तोट्याची होती ती आता, जाहिरातीचा खर्च निघत असेल तर, परवडते. हा मुद्दा लिहिणारी उत्तरपत्रिका गठ्ठ्यात एखादीच सापडते.

तिसरं कारण थोडक्यात: कमी केलेला दर परत वाढवायला गेलं की आपण एकटेच त्या पसरट भागावर चढतो. जाहिरातीचा खर्च मात्र पुढच्या तिमाहीत निमूटपणे कमी करता येतो.

उदाहरण एकच घ्या, पण पूर्ण

"उदा. कोकाकोला आणि पेप्सी" एवढं लिहून कंस बंद करणं म्हणजे उदाहरण नव्हे. भारतातल्या कपडे धुण्याच्या पावडरीच्या बाजारात दोन्ही बाजू एकाच ठिकाणी बघायला मिळतात, म्हणून मला तेच आवडतं.

हिंदुस्थान लिव्हरच्या सर्फपुढे अहमदाबादच्या निरमाने कितीतरी स्वस्त पावडर आणली, तेव्हा सर्फने निरमाच्या दरापर्यंत खाली उतरणं नाकारलं. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर ललिताजी आल्या आणि स्वस्त वस्तू व चांगली वस्तू यांतला फरक समजावून "सर्फ की खरीदारी में ही समझदारी है" असं सांगून गेल्या. हे किंमतेतर उत्तर होतं. खालच्या दराच्या गिऱ्हाइकासाठी कंपनीने व्हील हा वेगळा ब्रँड काढला, सर्फचा दर त्यात ओढला नाही.

मार्च २००४ मध्ये उलटं घडलं. प्रॉक्टर अँड गँबलने टाइड आणि एरियलच्या पाकिटांचे दर मोठ्या प्रमाणात खाली आणले. हिंदुस्थान लिव्हरने काही दिवसांतच सर्फ एक्सेलचे दर उतरवले. वक्राचा खालचा उभट भाग म्हणजे काय, ते इथे दिसतं. त्या वर्षी हिंदुस्थान लिव्हरचा नफा आधीच्या वर्षापेक्षा ठळकपणे घसरला आणि दरयुद्ध हे त्यामागचं एक कारण होतं. त्यानंतरच्या काळात सर्फ एक्सेलची ओळख झाली ती "दाग अच्छे हैं" या मोहिमेने, आणि त्या मोहिमेत दराचा उल्लेखही नव्हता. २०१० मध्ये रिनच्या जाहिरातीत टाइडचं पाकीट थेट दाखवलं गेलं आणि प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेलं. भांडण थांबलं नव्हतं, फक्त दराच्या पाटीवरून पडद्यावर गेलं होतं.

उदाहरणात एक काळजी घ्या. "एकावर एक मोफत" ही किंमतेतर स्पर्धा म्हणून लिहू नका, ती वेश बदललेली दरकपात आहे. तसंच दहा रुपयांच्या पुडीचा दर तोच ठेवून आतले ग्रॅम कमी करणं ही छुपी दरवाढ आहे.

मर्यादा, दोन-तीन वाक्यांत

कोनयुक्त वक्र चालू किंमत टिकून का राहते ते सांगतो. ती किंमत मुळात १०० च का ठरली, ८० का नाही, हे तो सांगत नाही. शिवाय जॉर्ज स्टिगलर यांनी १९४७ मध्ये प्रत्यक्ष उद्योगांचे दर तपासले, तेव्हा स्पर्धक दरवाढीतही मागोमाग येतात असं त्यांना अनेक ठिकाणी आढळलं.

दुसरी मर्यादा जाहिरातीचीच. दोन कंपन्या घ्या. दोघी गप्प राहिल्या तर प्रत्येकी ५० कोटी नफा. एकीनेच जाहिरात केली तर तिला ६०, दुसरीला ३०. दोघींनी केली तर प्रत्येकी ४०. समोरची काहीही करो, आपल्याला जाहिरात केलेलीच बरी, आणि दोघी तसाच विचार करून ४० वर येऊन बसतात. कैद्यांचा पेच तो हाच. १९७१ च्या जानेवारीपासून अमेरिकेत दूरचित्रवाणी आणि रेडिओवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली, तेव्हा कंपन्यांचा जाहिरातखर्च उतरला आणि नफा वाढला. कायद्याने त्यांना त्या पेचातून फुकटात बाहेर काढलं. (धूम्रपान कमी व्हावं म्हणून केलेल्या कायद्याने सिगारेट कंपन्यांचंच भलं व्हावं, हे वर्गात सांगितलं की मागचा बाकही जागा होतो.)

आता नमुना उत्तर

वेळ अठरा ते वीस मिनिटं धरा. परीक्षेची भाषा थोडी औपचारिक ठेवलेली बरी.

> अल्पाधिकार म्हणजे मोजक्या मोठ्या विक्रेत्यांचे वर्चस्व असलेला बाजार. विक्रेते मोजके असल्याने एकाच्या निर्णयाचा परिणाम इतरांच्या विक्रीवर लगेच होतो आणि प्रत्येक उद्योगसंस्था स्पर्धकांची प्रतिक्रिया गृहीत धरूनच निर्णय घेते. हे परस्परावलंबन किंमतेतर स्पर्धेचे मूळ कारण आहे. किंमत न बदलता जाहिरात, ब्रँड, दर्जा व सेवा यांद्वारे ग्राहक मिळवण्याच्या प्रयत्नास किंमतेतर स्पर्धा म्हणतात.
>
> स्वीझी यांच्या कोनयुक्त मागणी वक्रानुसार एखाद्या संस्थेने किंमत वाढवली तर स्पर्धक ती वाढवत नाहीत. त्यामुळे ग्राहक त्यांच्याकडे वळतात आणि चालू किमतीच्या वर मागणी लवचीक असते. किंमत कमी केली तर मात्र स्पर्धकही ती कमी करतात. बाजारातील हिस्सा वाढत नाही आणि चालू किमतीच्या खाली मागणी अलवचीक असते.
>
> (येथे आकृती: क बिंदूपाशी कोन, त्याखाली सीमांत प्राप्तीतील उभी फट, फटीतून जाणारा सीमांत खर्च वक्र.)
>
> आकृतीत सीमांत खर्च वक्र फटीच्या मर्यादेत वर-खाली झाला तरी महत्तम नफ्याची किंमत बदलत नाही. किंमत वाढवल्यास ग्राहक जातात व कमी केल्यास दरयुद्ध होते, म्हणून किंमत हे स्पर्धेचे प्रभावी साधन राहत नाही.
>
> अशा वेळी उद्योगसंस्था जाहिरात व ब्रँडकडे वळतात, कारण या साधनांवर वरील बंधन त्याच प्रमाणात लागू होत नाही. एक म्हणजे दरकपातीचे अनुकरण त्वरित होते, परंतु ग्राहकांच्या मनातील ब्रँडची प्रतिमा स्पर्धकास त्वरित निर्माण करता येत नाही. दुसरे म्हणजे दरकपातीमुळे संस्था त्याच मागणी वक्रावरून खाली सरकते, तर यशस्वी जाहिरातीमुळे मागणी वक्र उजवीकडे सरकतो. तसेच ब्रँडनिष्ठेमुळे कोनाच्या वरील भागातील मागणी कमी लवचीक होते आणि संस्थेला ग्राहक न गमावता काही प्रमाणात किंमत वाढवता येते. शिवाय जाहिरातीवरील मोठा खर्च नव्या संस्थांच्या प्रवेशात अडथळा ठरतो.
>
> भारतातील डिटर्जंट बाजारात २००४ मध्ये प्रॉक्टर अँड गँबलने टाइड व एरियलच्या किमती कमी केल्या. हिंदुस्थान लिव्हरने तत्काळ सर्फ एक्सेलच्या किमती उतरवल्या आणि त्या वर्षी तिचा नफा घटला. याउलट निरमाच्या स्वस्त पावडरीला सर्फने १९८० च्या दशकात किंमत न उतरवता जाहिरातीने उत्तर दिले होते.
>
> हे प्राधान्य निरपवाद नाही. २००४ चे उदाहरण दाखवते की बाजारातील हिस्सा झपाट्याने वाढवू पाहणारी संस्था दरयुद्ध पुकारू शकते. तसेच सर्वच संस्थांनी जाहिरात वाढवली तर हिस्सा तोच राहून केवळ खर्च वाढतो. जाहिरातीमुळे मिळणारी आघाडी दरकपातीपेक्षा अधिक टिकते, इतकेच निश्चितपणे म्हणता येते.

लिहून झाल्यावर तपासणी

या उत्तराला मी गुण कसे देईन तेही सांगतो. व्याख्या आणि परस्परावलंबन यांना दोन, वक्राचं स्पष्टीकरण आणि आकृती यांना मिळून तीन, "अशा वेळी" पासूनच्या परिच्छेदाला तीन, उदाहरण आणि मर्यादा यांना एकेक. तुमच्या विद्यापीठाची विभागणी थोडी वेगळी असेल, पण पुलाचा परिच्छेद सोडून पूर्ण गुण देणारा परीक्षक मला अजून भेटलेला नाही.

स्वतःचं उत्तर तपासायची सोपी युक्ती अशी. आकृतीवर हात ठेवून ती झाका आणि पुढचा परिच्छेद वाचा. त्यात "वक्र", "लवचिकता", "अनुकरण" यांतला एकही शब्द नसेल, तर तुम्ही दोन वेगळी उत्तरं एकाखाली एक लिहिली आहेत. मग जाहिरातीचा प्रत्येक मुद्दा घ्या आणि त्याच्यापुढे "म्हणून स्पर्धकाची प्रतिक्रिया..." असं जोडून वाक्य पूर्ण होतं का बघा. "जाहिरातीने ग्राहकाला माहिती मिळते" या वाक्यापुढे ते होत नाही. ते खोडा.